विश्लेषण : ‘कमी पगारात जमेल का?’ या प्रश्नाला नुसते ‘हो’ का म्हणू नये?

घाटंजीसारख्या तालुक्यात स्वयंसेवी संस्थेची फील्डवरची जागा निघाली, की मुलाखतीला कृषी पदविकाधारक, बीएसडब्ल्यू-एमएसडब्ल्यू झालेली मुले आणि बारावीनंतर दोन-चार वर्षे स्पर्धा परीक्षा दिलेले तरुण येतात. दोन प्रश्न जवळपास ठरलेले असतात. ‘या क्षेत्रात का यायचे आहे?’ आणि ‘पगार कमी आहे, काम अवघड आहे, जमेल का?’ त्यांची उत्तरेही ठरलेलीच. ‘समाजसेवेची आवड आहे’ आणि ‘हो सर, जमेल.’ दोन्ही बाजूंना बरे वाटते आणि नेमणूक होते. मग ऐन ऑगस्टमध्ये, कपाशी पात्यांवर असताना, कार्यकर्ता नोकरी सोडतो आणि त्याच्या गावांतल्या शेतकऱ्यांचा हंगाम मधेच सुटतो.

याचे खापर फक्त तरुणांच्या चिकाटीवर फोडले जाते. पण चूक मुलाखतीतच झालेली असते. तिथे अटी आकड्यांत सांगितल्या जात नाहीत आणि उमेदवारही त्या विचारत नाही.

काम नेमके काय असते?

यवतमाळ जिल्ह्यात फील्डच्या बऱ्याच जागा कापसाभोवतीच्या आहेत. ‘बेटर कॉटन’सारख्या उपक्रमांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्याला ‘फील्ड फॅसिलिटेटर’ म्हणतात. साधारण ३५ शेतकऱ्यांचा एक अभ्यासगट आणि असे अनेक गट एकाच माणसाकडे. म्हणजे काहीशे शेतकरी, पाच-दहा गावे आणि प्रत्येकाच्या नोंदवहीत पेरणी, खत, फवारणी, उत्पादन यांच्या नोंदी.

कागदावर हे बैठे काम वाटते. प्रत्यक्षात पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे लावून घ्यायचे आणि ते अधूनमधून मोजले जातात का ते पाहायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले, की गुलाबी बोंडअळीसाठी उपाय करण्याची वेळ आली असे मानतात. शेतात डोमकळ्या दिसतात का, हे फुले चाळून बघावे लागते. हे सगळे पावसाळ्यात, काळ्या जमिनीत. ओल्या चिखलात मोटारसायकलचे चाक आणि मडगार्ड यांच्यात माती घट्ट बसते आणि गाडी ढकलत न्यावी लागते. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा गावबैठक सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावरच होते. टिपेश्वर अभयारण्य घाटंजी आणि पांढरकवडा या दोन तालुक्यांत पसरलेले आहे. त्या बाजूच्या गावांतून रात्रीची बैठक आटोपून परतायचे म्हणजे वाघाच्या वाटेवरून येणे.

भाषेचाही प्रश्न आहे. कोलाम पोडांवर घराघरांत कोलामी बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी. नुसती मराठी येणाऱ्या माणसाशी लोक बोलतात, पण पाहुण्यासारखे.

‘आवड’ का पटत नाही?

समोर बसलेल्याला उमेदवाराची आवड मोजायची नसते. त्याला एवढेच ठरवायचे असते, की हा माणूस दिवाळीनंतर इथे असेल का. पोलीस भरती किंवा तलाठी परीक्षेची जाहिरात आली तर काय, हा प्रश्न बहुतेक वेळा मनात असतो आणि विचारला जात नाही. उमेदवारही अर्ज भरल्याचे लपवतो.

म्हणून प्रेरणेच्या प्रश्नाचे चांगले उत्तर भावनेपेक्षा घटनेतून येते. समजा, एका उमेदवाराच्या घरी चार एकर कापूस आहे. तो सांगतो, ‘२०१७ साली आमच्या बोंडांत अळी निघाली. बाबांनी दुकानदाराने दिलेली दोन औषधे एकत्र करून मारली. त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसे गेली. त्यानंतर मी घरी सापळे लावले. पहिल्या वर्षी मोजायला विसरलो, दुसऱ्या वर्षी वहीत लिहिले.’ या उत्तराला पुढचे प्रश्न विचारता येतात. किती सापळे? मोजणी कोणी केली? शेजाऱ्याने का लावले नाहीत? खरे सांगणारा इथे अडखळत का होईना, उत्तरे देतो. पाठ केलेल्या उत्तराला दुसरा प्रश्नच पेलत नाही. आणि ‘मोजायला विसरलो’ हे वाक्य त्याच्या बाजूने जाते, कारण शेतकरीही नेमके तेच करतो.

त्या २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात २०हून अधिक जणांचा फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाला होता. त्यामुळे इथल्या मुलाखतीत एक प्रश्न तरी असा हवा : भर उन्हात, उघड्या अंगाने, मास्कशिवाय फवारणारा मजूर दिसला तर काय कराल? ‘समजावून सांगेन’ हे अर्धे उत्तर झाले. मजूर शेताचा मालक नसतो, त्याला मास्क कोणी द्यायचा आणि काम थांबवले तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार, इथपर्यंत ज्याचा विचार जातो त्याला काम कळले आहे.

पगाराचे गणित कसे मांडायचे?

समजा, देऊ केलेला पगार महिना १६,००० रुपये आहे. त्यातले मूळ वेतन १२,००० धरले, तर भविष्य निर्वाह निधीचे १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये कापले जातील. पुरुष उमेदवार असेल तर व्यवसाय कर २०० रुपये. (महाराष्ट्रात महिलांना २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर तो लागत नाही.) हाती आले १४,३६०.

आता गाडी. रोज ६० किलोमीटर, महिन्याला २४ दिवस, म्हणजे १,४४० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर मिळाले तर जवळपास २९ लिटर पेट्रोल लागते. लिटरला १०५ रुपये धरले तर सुमारे ३,००० रुपये. कच्च्या रस्त्यावर टायर, चेन, सर्व्हिसिंगसाठी महिन्याला ८०० बाजूला ठेवावेच लागतात. प्रवासभत्ता जर ठोक १,५०० रुपये असेल, तर उरलेले २,३०० रुपये कार्यकर्ता स्वतःच्या पगारातून भरतो. म्हणजे १६,००० ची नोकरी प्रत्यक्षात सुमारे १२,००० ची झाली. खोली, मेस आणि मोबाइल यांना ५,९०० लागले, तर हातात सहा हजार उरतात आणि त्यातूनच घरी पैसे पाठवायचे. हेच काम किलोमीटरमागे तीन रुपये दराने असेल, तर भत्ता ४,३२० होतो आणि गाडीचा खर्च पूर्ण निघतो. पगाराचा आकडा दोन्हीकडे एकच.

त्यामुळे ‘एवढ्यात भागेल का?’ यावर उमेदवाराने हे गणित मांडून म्हणावे, ‘घरी पाच हजार पाठवतो. भत्ता किलोमीटरप्रमाणे असेल तर भागते, ठोक असेल तर ओढाताण होते.’ यात लाजण्यासारखे काही नाही. उलट हिशेब करून ‘हो’ म्हणणारा माणूस तीन महिन्यांनी ‘परवडत नाही’ म्हणून जाण्याची शक्यता कमी असते.

दुसरा प्रश्न बिलाचा. भत्ता कागदावर चांगला आहे, पण बिल दोन महिन्यांनी निघत असेल, तर कार्यकर्ता सहा हजार रुपये संस्थेला बिनव्याजी उसने देतो. ‘बिल किती दिवसांत मिळते आणि आगाऊ रक्कम मिळते का?’ हे विचारलेच पाहिजे.

पगार कमी का असतो?

संस्थेकडे पैसा प्रकल्पाच्या नावाने येतो. कंपनीचा सामाजिक दायित्व निधी असो वा परदेशी देणगी, करार बहुधा ठरावीक काळाचा असतो. २०२० मध्ये परदेशी देणगी कायदा बदलला, तेव्हा अशा देणगीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. ज्या छोट्या संस्था मोठ्या संस्थांमार्फत येणाऱ्या अशा पैशावर अवलंबून होत्या, त्यांना याचा थेट फटका बसला. ही अडचण खरी आहे. पण ती सांगून ‘सेवाभाव ठेवा’ म्हणणे आणि अडचण सांगून ‘प्रकल्प ३१ मार्चला संपतो, पुढचे अजून ठरलेले नाही’ असे लेखी देणे, यांत फरक आहे.

सेवाभावाच्या नावाखाली कायदाही विरघळत नाही. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधी, १० किंवा जास्त असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, हे संस्थेलाही लागू आहे. महिला उमेदवाराला मात्र ‘लग्न झाल्यावर काय?’ असे विचारले जाते आणि समितीबद्दल, रात्रीच्या बैठकीनंतर तिच्यासोबत कोण परतणार याबद्दल अवाक्षर निघत नाही. खरे तर त्या टेबलावर संस्थेनेच उत्तर द्यायचे दोन प्रश्न हे आहेत.

अटी उघड सांगितल्याचे उदाहरण

विदर्भातच याचे एक टोकाचे उदाहरण आहे. मेळघाटातल्या बैरागडला दवाखाना चालवणारे डॉ. रवींद्र कोल्हे लग्नासाठी मुली पाहत होते, तेव्हा त्यांनी अटीच घातल्या होत्या. ४० किलोमीटर चालण्याची तयारी हवी, पाच रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याला ४०० रुपयांत घर चालवायचे आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची. ४०० हा आकडाही हवेतला नव्हता. एक रुपया फी, महिन्याला चारशे रुग्ण. अनेकींनी नकार दिला. नागपुरात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. स्मिता यांनी होकार दिला. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

हा त्याग प्रत्येक फील्ड कार्यकर्त्याकडून अपेक्षित धरणे चूक आहे, आणि ही गोष्ट सांगून १२,००० रुपयांचे समर्थन करणे तर अधिकच. घेण्यासारखे आहे ते एवढेच, की अंतर, खर्च आणि उत्पन्न हे सारे होकाराच्या आधी सांगितले होते. नकार देणाऱ्यांनाही त्यामुळे योग्य निर्णय घेता आला.

‘प्रदान’ ही १९८३ पासून काम करणारी संस्था याच कारणाने नव्या पदवीधरांना आधी एक वर्षाची उमेदवारी देते. त्या काळात ते गावात राहतात आणि थांबायचे की नाही हे नंतर ठरवतात. घाटंजीतल्या छोट्या संस्थेला वर्षभराची उमेदवारी परवडणार नाही, पण दोन दिवस परवडतात. निवडलेल्या उमेदवाराला नेमणूकपत्राआधी जुन्या कार्यकर्त्याच्या गाडीवर मागे बसवून एका पोडावर आणि एका तांड्यावर न्यावे, तिथेच मुक्काम करू द्यावा, दोन दिवसांची मजुरी द्यावी. परतल्यावर तो नाही म्हणाला, तर संस्थेचा खर्च दोन दिवसांचा. ऑगस्टमध्ये नाही म्हणाला, तर काहीशे नोंदवह्या कोऱ्या राहतात.

आणि उमेदवाराने उठण्याआधी विचारायचा एक प्रश्न : या जागेवर आधी कोण होते, किती दिवस टिकले आणि का गेले? जिथे त्या माणसाचा फोन नंबर लगेच दिला जातो, तिथे बाकीचे अर्धे प्रश्न त्या फोनवरच विचारता येतात.