खातेउताऱ्याची साक्ष

विश्रामबाग येथील एका हळद व्यापाऱ्याने १२ लाखांच्या कर्जासाठी अर्ज केला. वर्षभरात खात्यात ६० लाख जमा झाले होते. तरीही छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याची लेखणी थबकली.

त्याने दिलेले ५ धनादेश न वटता परतले होते. त्यांपैकी २ सहीतील फरकामुळे परतले, म्हणून ते गौण ठरले. ३ मात्र अपुऱ्या शिलकेमुळे. शिवाय दरमहा ४ तारखेला ५० हजार रोख भरले जात, ५ तारखेला जुन्या कर्जाचा ४८ हजारांचा हप्ता वळता होई आणि खात्यात दोन-तीन हजारच उरत. हप्ता धंद्यातून फिटतो की हातउसन्या पैशांतून, हा खरा प्रश्न होता.

व्यापाऱ्याने रोख विक्रीची बिले व जीएसटी विवरणपत्रे सादर केली. ८ महिन्यांचा भरणा विक्रीशी जुळला, ४ महिन्यांच्या भरण्यास आधार सापडला नाही. आलेला पैसा तत्काळ खरेदीत गुंतत होता आणि उधारीची वसुली दोन महिने लांबत होती. हप्ता मात्र थांबणारा नव्हता.

अर्ज फेटाळला गेला नाही. ६ महिने एकही धनादेश परत न जाता, हप्त्याइतकी शिल्लक राखून पुन्हा येण्यास त्याला सांगण्यात आले. नवा हप्ता पेलण्याची ताकद एकूण जमेत नव्हे, मागे उरणाऱ्या शिलकेत दिसते.