आधी मूठ सोड

या अंकातली कथा वाशीमजवळच्या एका नव्या लेआउटमध्ये घडते. प्लॉटचे दगड रोवलेत, घरं अजून उठायची आहेत. तिथे रविवारी सकाळी एक बाप लेकीला स्कूटर शिकवतो. तिला अठरा पूर्ण झालीत आणि शिकाऊ परवाना काढलेला आहे. ११० सीसीच्या गाडीसाठी कायदा त्याआधी परवाना देतच नाही, आणि लेखकाने हे गाळलं नाही, हे मला फार आवडलं.

बाप लगेच गाडी सुरू करू देत नाही. आधी पाय टेकत ढकलायची, ब्रेकने थांबवायची. मग इंजिन. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच इंजिनाचा वेग वाढल्यावरच पकडतो. त्यामुळे मूठ थोडी पिळली तर काहीच होत नाही, आणखी पिळली की गाडी एकदम उसळते. लेक दचकते, मागे कलते, मूठ घट्ट धरते आणि त्यानेच ती आणखी पिळली जाते. मनगट खाली गेलेलं दिसलं की बापाला पुढचा झटका आधीच कळतो. मागून पळत तो ओरडतो, “आधी मूठ सोड बाई, मंग ब्रेक दाब!”

मुरमावर उजवा, पुढच्या चाकाचा ब्रेक एकदम आवळला की चाक सरकतं. म्हणून तो डावा आधी, हळूहळू दाबायला लावतो.

तिला आता रस्ता हवा आहे. बापाला त्याआधी तिच्याकडून पाय न टेकता आठचा आकडा काढून घ्यायचा आहे.