चित्र दिसतंय म्हणजे कॅमेरा चालू आहे, असं कोणी सांगितलं?

राईकरांनो, पाच मिनिटं काढा आणि शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात नाक्यावरून आमच्या शेजारच्या दादांची मोटारसायकल चोरीला गेली. फुटेज काढलं, तर रात्रभर एका कंपाउंडची भिंत! आणि हा काही साधा कॅमेरा नाही. फिरणारा, झूम होणारा पीटीझेड आहे. त्याला चार जागा शिकवून ठेवल्यात: उत्तनकडचा रस्ता, भाईंदरकडचा रस्ता, पार्किंग आणि बसस्टॉप. या जागांना प्रीसेट म्हणतात. रात्री माणूस हलला की त्याच्या मागे कॅमेरा फिरावा, म्हणजे ट्रॅकिंग, हेही कागदावर आहे. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, "कॅमेरा चालू आहे. चित्र दिसतंय ना?"

कॅमेरे बसवणं हाच माझा धंदा आहे, म्हणून गप्प बसवेना. म्हटलं, माझ्यासमोर प्रीसेट दाबून दाखवा. दाबला. कॅमेरा हलला नाही. दुसरा दाबला, तोही नाही. चित्र मात्र एकदम स्वच्छ!

इथेच सगळी गोम आहे. चित्र एका वाटेने येतं आणि "फिर" हा हुकूम दुसऱ्या वाटेने जातो. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलावेत म्हणून २००८ साली ऑनव्हिफ नावाचं सामाईक मानक सुरू झालं. त्यात हुकमासोबत पासवर्डची जी खूण जाते, तिच्यात त्या क्षणाची वेळ मिसळलेली असते. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि सॉफ्टवेअरचं घड्याळ यांत फार फरक पडला, की कॅमेरा तो हुकूम शिळा समजून नाकारतो. चित्राच्या वाटेला ही वेळेची अट नसते, म्हणून चित्र येतच राहतं.

आता चित्राच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. साल १९७०! म्हणजे वीज गेली, कॅमेरा परत सुरू झाला आणि त्याचं घड्याळ मुळापासून मोजायला लागलं. योग्य वेळ कुठून घ्यायची, तो एनटीपीचा पत्ता कोणी भरलाच नव्हता. चांगली सॉफ्टवेअर आधी कॅमेऱ्याला त्याची वेळ विचारून फरक सांभाळून घेतात. हे घेत नव्हतं. रेकॉर्डरचा पत्ता भरला, वेळ जुळली आणि चारही प्रीसेट हलायला लागले. दहा मिनिटांचं काम! तेवढ्यासाठी किती रात्री भिंतीचं चित्रीकरण झालं, कोणालाच पत्ता नाही. आणि गाडी चुकून दिसली असती, तरी १९७० सालच्या तारखेचं फुटेज पुढे करून काय सिद्ध करणार होतो?

तरी ट्रॅकिंग होईना. कारण सॉफ्टवेअर दर वीस सेकंदांनी पुढचा प्रीसेट पाठवत होतं. कॅमेरा माणसाच्या मागे फिरायला लागला रे लागला, की वरून हुकूम येतो, "चल बसस्टॉपला." बाहेरचा हुकूम आला की या कॅमेऱ्याचं ट्रॅकिंग तुटतं. एकाच बैलाला दोन मालक दोन दिशांना ओढतायत, तो चालणार कसा? उपाय साधा आहे: रात्री सॉफ्टवेअरची फेरी बंद ठेवायची आणि फेरी व ट्रॅकिंग दोन्ही कॅमेऱ्याच्या आतच लावायचं. पण ट्रॅकिंगचं बटण त्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. ऑनव्हिफच्या ज्या प्रोफाइलवर ही जोडणी आहे, त्यात प्रीसेट येतात, ट्रॅकिंग येत नाही. ते कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पानावर जाऊनच लावावं लागतं. हे खरेदीच्या आधी कोणी विचारलं होतं का?

राग कॅमेऱ्यावर नाही, कामगारावरही नाही. राग आहे तो "चित्र दिसलं, बिल मंजूर" या पद्धतीवर. ठेकेदार स्वतःच्या लॅपटॉपवर कॅमेरा फिरवून दाखवतो, आपण मान डोलावतो आणि रोज ज्या सॉफ्टवेअरवर काम चालणार, त्यावर कोणी तपासतच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बिल देण्याआधी कॅमेऱ्याची वीज दहा मिनिटं बंद करा. परत सुरू झाल्यावर कंट्रोल रूमच्याच सॉफ्टवेअरमधून चारही प्रीसेट दाबा आणि कोपऱ्यातली तारीख वाचा. मग रात्री एक माणूस नाक्यावरून चालवा आणि कॅमेरा त्याच्या मागे येतो का ते बघा. आणि हे दर तीन महिन्यांनी, गावातल्या दोघांसमोर करा. यासाठी एक रुपयाही जास्त लागत नाही.

तुमच्या गल्लीतल्या, सोसायटीतल्या कॅमेऱ्याचं चित्र उद्या बघा आणि कोपऱ्यातली तारीख कमेंटमध्ये लिहा. किती कॅमेरे अजून १९७० सालात राहतायत, ते सगळ्यांनाच कळू दे.