नवी गाय, जुना गोठा : बुलडाण्यात संकरित गाईंना गोचीड तापापासून कसे वाचवाल?

विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा सध्या १९ जिल्ह्यांत राबवला जात आहे. त्यातून जास्त दूध देणाऱ्या गाई सवलतीत मिळतात आणि बुलडाणा जिल्हाही त्यात आहे. प्रकल्पाबाहेरही अनेकजण स्वतःच्या पैशाने बाहेरून एचएफ किंवा जर्सी संकरित गाई आणतात. घाटावर चिखली-मेहकरकडे असो की घाटाखाली मोताळा-मलकापूरकडे, ही गाय बहुतेकदा त्याच जुन्या गोठ्यात बांधली जाते, जिथे वर्षानुवर्षे बैलजोडी आणि गावरान गाय बांधली जाते. दगड-मातीच्या भिंती, भेगा, शेणाचे थर आणि शेजारी कडब्याची गंजी. बैलांना तिथे काही होत नाही, पण नवी गाय दोन-तीन आठवड्यांत तापाने फणफणते. यामागे बहुधा थायलेरिओसिस असतो, ज्याला आपण गोचीड ताप म्हणतो.

२०२२ मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा सरकारी लसीकरण मोहीम गावोगावी पोचली. लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिससाठीही राष्ट्रीय कार्यक्रमातून लस मिळते. गोचीड ताप मात्र या कार्यक्रमात नाही. त्याची लस देशात तयार होते, पण ती जिवंत लस असल्याने द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि प्रत्येक गावात मिळेलच असे नाही. त्यामुळे तुमच्या हातात मुख्यतः दोन गोष्टी उरतात: गोठ्यातला गोचीड कमी करणे आणि ताप पहिल्या दोन दिवसांत ओळखणे.

बैलाला होत नाही, गाईला का होतो?

हा आजार थायलेरिया अन्युलाटा नावाच्या रक्तातील परजीवीमुळे होतो. आपल्याकडे तो मुख्यतः हायलोमा जातीचा गोचीड पसरवतो. हा गोचीड ओळखणे सोपे आहे. त्याचे पाय लांब असतात, पायांवर तपकिरी-पांढरे पट्टे असतात आणि जमिनीवर तो भराभर चालतो. तो कानाच्या आत, कासेवर, मांड्यांच्या मध्ये आणि शेपटीच्या मुळाशी चिकटतो. दुसरा बारीक, आखूड पायांचा गोचीड अंगभर दिसतो. त्याच्यामुळे बबेसिओसिस आणि अ‍ॅनाप्लाझ्मोसिस हे ताप होतात.

गावरान जनावर लहानपणापासून हे गोचीड सोसत आलेले असते. त्याच्या रक्तात परजीवी राहतो, पण जनावर आजारी दिसत नाही. लहान अवस्थेतील गोचीड त्याचे रक्त पितो, गळून पडतो, कात टाकतो आणि पुढच्या अवस्थेत संकरित गाईला चावून परजीवी तिच्या अंगात सोडतो. म्हणजे तुमचा धडधाकट बैल हाच या रोगाचा साठा असू शकतो. म्हणूनच फक्त दुभत्या गाईवर फवारणी करून उपयोग होत नाही.

इथे एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. गोचीड चिकटल्याबरोबर परजीवी गाईत जात नाही. गोचिडाने रक्त प्यायला लागल्यावर त्याच्या लाळग्रंथीत परजीवी तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज धार काढताना कान, कास आणि शेपटीखाली हात फिरवून गोचीड काढले, तर बरेचसे संक्रमण तिथेच थांबते. गोचीड नखाने चिरडू नका. हातमोजा घालून किंवा चिमट्याने ओढा आणि रॉकेलच्या डब्यात टाका. हायलोमा गोचिडातून माणसाला क्रिमियन-काँगो ताप होऊ शकतो. २०११ मध्ये गुजरातेत या तापाचे रुग्ण सापडले होते.

फवारणी कुठे चुकते?

रक्त पिऊन फुगलेली हायलोमाची मादी गाईवर राहत नाही. ती खाली पडते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीच्या फटीत शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. तुम्ही गाईवर जे पाहता तो एकूण गोचिडांचा थोडाच भाग असतो, बाकीचे भिंतीत असतात. आज गाय स्वच्छ केली तरी पंधरा दिवसांत ती पुन्हा भरते ती यामुळेच.

एक हिशोब करून पाहू. समजा तुमच्याकडे दोन संकरित गाई, एक बैलजोडी आणि एक कालवड आहे. अमिट्राझ १२.५ टक्के हे पशुवैद्यकीय औषध लिटरला २ मिलि वापरतात. मोठ्या जनावराचे अंग, पोटाखालचा भाग, कान आणि शेपटीखालची जागा नीट भिजायला सुमारे ४ लिटर द्रावण लागते. चार मोठ्या जनावरांचे १६ आणि कालवडीचे २ असे १८ लिटर पाणी आणि ३६ मिलि औषध झाले. प्रत्यक्षात बहुतेकजण १५ लिटरचा एकच पंप करतात, त्यातला बराचसा दोन गाईंच्या पाठीवर संपतो आणि बैल कोरडेच राहतात. गोचीड पाठीवर नसतात, ते खाली असतात.

कमी औषध आणि अर्धवट भिजवणे याचा परिणाम उलटा होतो. एकच गट वारंवार आणि कमी मात्रेत वापरला की प्रतिकारक्षम किडी उरतात. डेल्टामेथ्रिन आणि त्याच्या गटातील औषधांना दाद न देणारे गोचीड भारतात अनेक ठिकाणी आढळले आहेत. योग्य मात्रेत, पूर्ण भिजवून फवारणी केल्यावर दोन दिवसांनी कासेवर जिवंत, रक्त पिणारे गोचीड तसेच दिसत असतील, तर मात्रा वाढवू नका. पशुवैद्यकांना विचारून औषधाचा गट बदला.

फवारणी धार काढल्यानंतर, सावलीत आणि जनावराला पाणी पाजून झाल्यावर करा. अंग चाटणार नाही याकडे सुकेपर्यंत लक्ष ठेवा. पुढच्या धारेआधी कास धुवा आणि दूध किती काळ वापरायचे नाही हे बाटलीवर वाचा. त्याच दिवशी गोठ्याच्या भिंती साडेचार-पाच फुटांपर्यंत, गव्हाण आणि कोपरे गोठ्यासाठीच्या औषधाने फवारा. जनावरे बाहेर बांधा आणि गोठा वाळल्यावरच आत घ्या. चौदा दिवसांनी दोन्ही पुन्हा करा. भेगा सिमेंटने किंवा मातीने लिंपून बुजवल्या तर हे काम दरवर्षी कमी होत जाईल.

शेतातले कीटकनाशक गाईवर वापरू नका. नाव तेच असले तरी पिकाच्या औषधाची तीव्रता आणि त्यातील द्रावक वेगळे असतात. तणनाशकासाठी वापरलेला पंपही चालणार नाही.

ताप ओळखण्याचे पहिले दोन दिवस

आता तीच नवी गाय घ्या. जूनच्या शेवटी आणली, वजन अंदाजे ४०० किलो आणि दूध दिवसाला १२ लिटर. पंधराव्या-सोळाव्या दिवशी सकाळचे दूध निम्म्यावर येते. वैरण ती थोडी खाते, रवंथ कमी करते. तापमापी गुदद्वारात लावली तर १०५ अंश फॅरनहाइट येते. निरोगी गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२ असते.

इथेच खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हात लावून पाहा. तिथली लसिकाग्रंथी लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी, घट्ट लागते का? मांडीच्या पुढे, कुशीतली गाठही पाहा. जास्त ताप, मोठी झालेली गाठ आणि अंगावर गोचीड हे तिन्ही एकत्र असतील तर थायलेरिओसिस धरून चाला आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो.

बाकी गोचीड तापांमध्ये फरक असतो. बबेसिओसिसमध्ये ताप असतोच, पण लघवी लालसर किंवा कॉफीच्या रंगाची होते आणि गाठी सहसा सुजत नाहीत. अ‍ॅनाप्लाझ्मोसिसमध्ये रक्त कमी होते, डोळ्यांच्या आतील त्वचा पिवळसर होते, बद्धकोष्ठता होते, पण लघवी लाल होत नाही. तिन्हींची औषधे वेगळी आहेत, आणि कधी एकाच गाईत दोन आजार असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी ताप उतरवण्याचे आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन देऊन तीन दिवस वाट पाहणे. ताप थोडा उतरतो, गाय जरा खाते, पण परजीवी वाढतच राहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळ्यांच्या आत लाल ठिपके, श्वास लागणे, नाकातून स्राव, फिकटपणा अशी लक्षणे दिसू लागतात. तोपर्यंत रक्तपेशी नष्ट होऊ लागलेल्या असतात. मग औषध दिले तरी गाय वाचेलच असे नाही, कधी रक्त चढवावे लागते.

थायलेरिओसिसवर बुपारवाक्वोन वापरतात. मात्रा किलोला २.५ मिलिग्रॅम. ५ टक्के तीव्रतेच्या औषधात ४०० किलोच्या गाईला २० मिलि, तेही मानेच्या स्नायूत दोन जागी विभागून. गरज वाटल्यास पशुवैद्यक दोन-तीन दिवसांनी पुन्हा देतात. वजन अंदाजाने कमी धरले तर मात्रा कमी पडते, म्हणून पट्ट्याने छातीचा घेर मोजून वजन काढावे. हे इंजेक्शन पशुवैद्यकांनीच द्यावे.

रक्त तपासणीचा अहवाल कसा वाचायचा?

विस्तार कर्मचाऱ्यांनी ही बाब लक्षात ठेवावी. कानाच्या शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीत लाल पेशींतील परजीवी तापाच्या अगदी सुरुवातीला दिसत नाही, तो काही दिवसांनी दिसू लागतो. त्याआधी तो सुजलेल्या गाठीत असतो. म्हणून पहिल्या दिवशी रक्ताची पट्टी निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असे समजू नका. पशुवैद्यक सुईने गाठीतले द्रव घेऊन तपासू शकतात. उलटही घडते. निरोगी गावरान जनावराच्या रक्तात परजीवी दिसला तर ते फक्त वाहक असू शकते, त्याला औषध देण्याची घाई नको. नमुना औषध देण्याआधी घ्यावा, पण लक्षणे स्पष्ट असताना अहवालासाठी औषध थांबवू नये. जिल्ह्यातील पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि शेजारच्या अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था ही नमुन्यांसाठी जवळची ठिकाणे आहेत.

गाय आणण्याच्या आधीचे वेळापत्रक

गाय येण्याच्या पंधरा दिवस आधी गोठ्याच्या भेगा बुजवून फवारणी करा. ती येईल त्या दिवशी सर्व जनावरांवर एकाच वेळी फवारणी करा आणि चौदा दिवसांनी पुन्हा. तिला पहिले तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळे बांधा. दररोज सकाळी तापमान आणि दूध वहीत लिहा. दहाव्यापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत ही नोंद एकही दिवस चुकवू नका, कारण गोचीड चावल्यानंतर ताप येण्याचा काळ साधारण तोच असतो. तापमान १०३.५ च्या वर गेले किंवा दूध अचानक उतरले, तर त्याच सकाळी गाठी तपासा आणि फोन करा.