नातीचा फ्लॅट, पण ताबा कोणाकडे?

समजा, पुण्यातल्या एका आजींनी नोकरीच्या पैशातून घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट नऊ वर्षांच्या नातीला द्यायचं ठरवलं. मुलाचा धंदा कर्जात आहे, म्हणून त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं: 'नात सज्ञान होईपर्यंत माझा भाऊ तिचा पालक म्हणून फ्लॅट सांभाळेल.' असे मसुदे सर्रास लिहिले जातात. पण हिंदू अज्ञान आणि पालकत्व कायद्यानुसार मृत्युपत्रातून पालक नेमण्याचा हक्क आईवडिलांचा आहे, आजीचा नाही. भाऊ बाजूला पडेल आणि फ्लॅट नैसर्गिक पालक म्हणून मुलाच्याच हाती जाईल.

कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला तो विकता येणार नाही, हे खरं. विकलाच, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत नात दावा लावून व्यवहार रद्द करून घेऊ शकते. पण भाड्याचं काय? ते दरमहा त्याच्या खात्यात येईल आणि त्याचा हिशेब रोज कोण मागणार?

आजींना हवा असतो विश्वस्त. फ्लॅट नातीच्या हितासाठी विश्वस्ताकडे सोपवते आहे, असं मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलं की तो भावाच्या नावे, पण नातीसाठी राहतो आणि मुलाचा त्याच्याशी संबंध उरत नाही. मृत्युपत्राचा व्यवस्थापक वेगळा. त्याचं काम वाटणी झाली की संपतं, विश्वस्ताचं तिथून सुरू होतं.

भाऊ आजींच्याच वयाचा असेल, तर मी लगेच हरकत घेईन. नऊ वर्षं टिकेल असा माणूस हवा आणि त्याच्यामागे दुसऱ्याचं नाव हवं, कारण विश्वस्त होण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. भाड्यासाठी वेगळं खातं, त्यातून शाळेची फी, उरलेलं साठवायचं, हेही लिहावं. सोसायटी पुनर्विकासाला गेली तर सही करण्याचा आणि गरज पडल्यास विकण्याचा अधिकारही शब्दांत द्यावा. तो नसेल, तर बिल्डर कोर्टाचा आदेश मागू शकतो.

मग आजी म्हणतात, 'अठराव्या वर्षी कसली अक्कल, पंचविसाव्या वर्षी द्या.' इथे १८८२चा विश्वस्त कायदा आडवा येतो. फ्लॅट फक्त तिच्याच हिताचा असेल, तर सज्ञान होताच ती विश्वस्ताकडून तो मागून घेऊ शकते. वाट पाहायलाच लावायची, तर 'पंचवीस वर्षं पूर्ण केली तरच मिळेल' अशी अट घालावी लागते. मात्र ती आधीच गेली तर फ्लॅट कोणाला, हेही त्याच कलमात लिहायला हवं. नाहीतर तो आजींच्या वारसाकडे, म्हणजे एकुलत्या मुलाकडेच परत येईल.