गर्दीत हात सुटल्याचे स्वप्न

दिवाळी सरली की वस्तीत ६ डिसेंबरच्या तयारीचे बोलणे सुरू होते. दादरला कोण कोण जाणार, गाडी करायची की मनमाडवरून रेल्वेने जायचे, भाकरी किती दिवसांच्या बांधायच्या, असे सगळे ठरू लागते. त्याच दिवसांत बायका आम्हांला हळूच एक गोष्ट सांगतात. दादरच्या पुलावर किंवा शिवाजी पार्कच्या गर्दीत लेकराचा हात सुटला, हाक मारायला गेले तर तोंडातून आवाजच फुटेना, असे स्वप्न पडते आणि मग रात्रभर डोळा लागत नाही. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या घरांतही हेच ऐकू येते. तिथे गाड्या लांब थांबवतात आणि पुढे बसने जावे लागते. त्या बसमध्ये चढताना आई आत आणि पोर खाली राहिले, असे स्वप्न असते.

हे स्वप्न नुसते सांगून संपत नाही, म्हणून आम्ही लिहायला बसलो. सासू म्हणते, हा इशारा आहे, पोराला नेऊ नको. मग पोराबरोबर आईही घरी राहते आणि बाप एकटा जातो. कुठे कुठे उतारा उतरवला जातो, देवऋष्याकडे पैसे जातात. बाबासाहेबांना अभिवादन करायला जाण्याचा त्या बाईचा हक्क एका स्वप्नापायी जातो. आमचे म्हणणे असे, की या स्वप्नाला भविष्य समजू नका आणि वेडेपणाही समजू नका. त्यात एक खरी काळजी आहे. त्या काळजीला काम दिले, की स्वप्नाचा जोर कमी होतो.

आधी हे स्वप्न येते कुठून ते पाहू. आपली झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो. त्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात आणि ठळक स्वप्ने पडतात. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो, म्हणून वाईट स्वप्ने बहुधा पहाटे पडतात. ‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ या समजुतीचे मूळ इथेच असावे. पहाटेचे स्वप्न लांब असते, त्यातूनच जाग येते, म्हणून तेच लक्षात राहते. याच टप्प्यात हातापायांचे स्नायू ढिले पडलेले असतात. स्वप्नात पाय उचलत नाही, आवाज फुटत नाही, त्याचे कारण हेच असावे असे मानतात. त्यात बाहेरचे काही नसते.

आणि लेकरूच का हरवते? दिवसभर ज्याची राखण केली, मन रात्रीही त्याचीच राखण करते. बाळंतिणींमध्ये हे फार स्पष्ट दिसते. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २००७ साली बाळंतिणींच्या स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ अंथरुणात हरवले, दबले, असे स्वप्न त्यांच्यात नेहमीचे होते आणि काही जणी झोपेतच गोधडी चाचपत होत्या. आपल्या बाळंतिणीही हेच करतात. पोर चालू लागले, शाळेत गेले, की गोधडीच्या जागी जत्रा आणि स्टेशन येते. बापांनाही ही स्वप्ने पडतात, पण ते बोलत नाहीत. त्यांची काळजी रागातून निघते आणि गर्दीत हात सोडला म्हणून पोराच्या पाठीत धपाटा बसतो.

‘मन घट्ट कर’ एवढे सांगून हे थांबत नाही. थांबवायची एक पद्धत आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. जागेपणी त्या स्वप्नाचा शेवट बदलायचा आणि बदललेले स्वप्न रोज १० ते २० मिनिटे डोळ्यांपुढे आणायचे. अमेरिकेतील डॉक्टर बॅरी क्राकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी ही पद्धत वापरली. त्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांची वाईट स्वप्ने कमी झाली आणि झोपही सुधारली.

श्रीरामपूरकडच्या एका वस्तीतील ताईंचे उदाहरण घेऊ. मुलगा सहा वर्षांचा. आठवड्यातून तीनदा तेच स्वप्न पडे. दादरचा पूल, मागून लोटणारी गर्दी, निळे झेंडे, हात सुटतो, त्या ओरडतात आणि आवाज निघत नाही. आम्ही त्यांना आधी ते स्वप्न एकदाच, सावकाश सांगायला लावले. मग विचारले, हात सुटला तिथून पुढे काय व्हायला हवे? त्या म्हणाल्या, पोरगा सापडावा. आम्ही म्हटले, कसा सापडेल ते पायरी पायरीने सांगा. त्यांनी रचलेले नवे स्वप्न असे होते. हात सुटतो. मी गर्दीबरोबर पुढे न जाता कठड्याला धरून बाजूला उभी राहते. पोरगा मी शिकवल्याप्रमाणे आहे तिथेच, भिंतीला पाठ लावून थांबतो. त्याच्याजवळ एक पोलीस ताई येते. तो बाही वर करून हातावरचा नंबर दाखवतो. माझा फोन वाजतो. हे त्यांच्या मोठ्या मुलीने वहीत लिहिले आणि रोज संध्याकाळी चूल आटोपल्यावर ती वाचून दाखवायची. ताई डोळे मिटून ऐकायच्या. जुने स्वप्न मुद्दाम आठवायचे नाही, एवढाच नियम होता. तीन आठवड्यांनी ते स्वप्न पंधरवड्यातून एकदा येऊ लागले. पूर्ण गेले नाही. पण जाग आली तरी त्या पुन्हा झोपू लागल्या आणि त्या वर्षी मुलाला घेऊन दादरला गेल्या.

नव्या स्वप्नात पोरगा काय करतो, ते नीट पाहा. तो थांबतो, पोलीस ताईला घाबरत नाही आणि नंबर दाखवतो. हे खरोखर घडायचे तर ते आधी शिकवावे लागते. इथे आमच्या वस्त्यांची एक सवय आम्हांला खटकते. पोर जेवत नाही, झोपत नाही, की आपण म्हणतो, ‘थांब, पोलीस येईल, तुला धरून नेईल.’ असे वाढलेले पोर गर्दीत हरवले, की वर्दीवाला दिसताच लपते. ज्याने त्याला आपल्याकडे आणायचे, त्याच्यापासूनच ते पळते. हा धाक आजपासून बंद करावा. पोलिसांचा आपल्या वस्त्यांना आलेला अनुभव नेहमीच चांगला नसतो, हे आम्ही जाणतो. तरीही हरवलेल्या लेकराने वर्दीतला माणूस किंवा लेकुरवाळी बाई गाठावी, हेच त्याला शिकवले पाहिजे.

दुसरी गोष्ट नावाची. ‘आईचे नाव काय’ विचारले, की लहान पोर ‘आई’ एवढेच सांगते. आईचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि एक मोबाइल नंबर त्याच्याकडून रोज म्हणवून घ्यावा. जाताना नंबर हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहून वर चिकटपट्टी लावावी, म्हणजे घामाने पुसत नाही. तोच नंबर कापडाच्या पट्टीवर लिहून सदऱ्याच्या आतून टाचावा. नाव बाहेर दिसेल असे लिहू नये, कारण परका माणूस नावाने हाक मारून पोराला जवळ बोलावू शकतो. गर्दीत फोन लागत नाहीत, म्हणून घरी थांबलेल्या एकाचा नंबरही जोडावा. निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत पोराचा फोटो काढून ठेवावा.

भेटायची जागाही नेमकी हवी. दादर स्टेशनवर मध्य आणि पश्चिम रेल्वेचे क्रमांक पूर्वी वेगवेगळे होते, म्हणजे एक नंबरचे फलाट दोन होते. ‘एक नंबरवर भेटू’ म्हणणारे दोघे दोन ठिकाणी उभे राहायचे. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग क्रमांक झाले. तरी घरातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात जुनेच क्रमांक असतात. म्हणून ‘स्टेशनवर भेटू’ किंवा ‘स्तंभापाशी भेटू’ म्हणू नये. तिथे पोहोचल्यावर एखादा स्टॉल, एखादे फाटक पोराला हाताने दाखवून ठरवावे.

एवढे करूनही चुकामूक झाली, तर एकाने जागा सोडायची नाही. पोर शेवटचे जिथे दिसले तिथेच उभे राहायचे, कारण ते बहुधा तिथेच परत येते. दुसऱ्याने आधी धोक्याची बाजू पाहायची. स्टेशनवर रूळ, दादरला समुद्र, कोरेगावला रस्ता आणि नदी. तिसऱ्याने पोलिसांना किंवा समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकाला फोटो दाखवायचा आणि ११२ किंवा १०९८ ला फोन करायचा. रेल्वेत असाल तर १३९. पोर गाडीतच राहून गाडी सुटली असेल, तर गाडीचे नाव आणि डबा सांगावा, म्हणजे पुढच्या स्टेशनावर शोध घेता येतो. ‘चोवीस तास थांबा, मग तक्रार घेऊ’ असे कुणी म्हटले तर ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्येच सांगितले आहे, की हरवलेल्या बालकाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा. चोवीस तासांचा नियम आहे तो वेगळा. सापडलेल्या बालकाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यायचे असते. म्हणून लेकरू पोलिसांकडे मिळाले नाही, तर या समितीकडे विचारावे.

सगळी स्वप्ने वहीत लिहून जात नाहीत. ज्या घरात लेकरू खरेच हरवले, दगावले किंवा चेंगराचेंगरीतून वाचले, तिथे ही पद्धत एकट्याने करू नये. स्वप्न आठवड्यातून अनेकदा पडते, झोपायचीच भीती वाटते, दिवसाही छातीत धडधडते, पोराला शाळेतसुद्धा सोडवत नाही, असे महिनाभर चालले तर जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात दाखवावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलावे. रक्तदाबाची गोळी नवीन सुरू झाली आणि स्वप्ने वाढली, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण काही गोळ्यांनी असे होते. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दारू एकदम सोडल्यावरही काही दिवस भयंकर स्वप्ने पडतात. बाळंतिणीला स्वप्नांसोबत बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील किंवा ती दिवसेंदिवस झोपत नसेल, तर थांबू नये, त्याच दिवशी न्यावे.

६ डिसेंबरला अजून अवकाश असेल, तर आजच संध्याकाळी सुरुवात करावी. पोराला नाव, गाव, तालुका, नंबर विचारावा. नंतर त्याला विचारावे, ‘माझा हात सुटला तर तू काय करशील?’ ‘थांबेन’ असे उत्तर येईपर्यंत रोज विचारावे. आणि स्वप्न पडते म्हणून कुणी बाई घरी थांबणार असेल, तर शेजारणींनी तिला हे सगळे शिकवून सोबत न्यावे.

जय भीम.