काळे ठिपके : नोंद आणि तिचे कारण

गेल्या महिन्यात माझे ७१ वर्षांचे मामेभाऊ अहवालाचे पाकीट घेऊन घरी आले. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या संपूर्ण शरीराचा बोन स्कॅन करविला होता. चित्रात डाव्या बरगड्या, दोन्ही गुडघे, कमरेचा एक मणका आणि उजव्या कुल्ल्याचे हाड येथे काळे ठिपके होते. "अरे, अंगभर पसरलं रे," एवढेच ते बोलले.

या तपासणीत टेक्नेशियम हे अल्प किरणोत्सारी द्रव्य एका फॉस्फोनेटयुक्त औषधाला जोडून शिरेतून देतात आणि सुमारे तीन तासांनी चित्र घेतात. हाडाची नवी बांधणी जेथे वेगाने चालते, तेथे हे औषध अधिक साठते व ठिपका गडद दिसतो. मोडलेले हाड सांधताना, झिजलेल्या सांध्याच्या कडेला हाड वाढताना आणि कर्करोगाच्या पेशींनी डिवचलेले हाड स्वतःला सावरताना, तिन्ही वेळी बांधणी चालूच असते. खातेवहीत उलाढाल दिसावी, पण व्यवहाराचे कारण लिहिलेले नसावे, तसे हे आहे. मूत्रपिंडे आणि मूत्राशयही काळे दिसतात, कारण औषध त्याच वाटेने बाहेर पडते.

म्हणून तज्ज्ञ ठिपक्यांची संख्या मोजून थांबत नाहीत, त्यांची मांडणी पाहतात. लागोपाठच्या बरगड्यांवर एका ओळीत आलेले ठिपके बहुधा पडल्याची खूण असतात. भाऊ आठ महिन्यांपूर्वी दुकानाच्या पायरीवरून पडले होते. मात्र हे त्यांनी तपासणीच्या वेळी सांगितलेच नव्हते. अस्थिभंगाची अशी खूण कित्येक महिने, वृद्धांत त्याहूनही अधिक काळ टिकते. दोन्ही गुडघ्यांच्या सांध्यांलगतचे ठिपके संधिवाताचे होते. याउलट पाठीचा कणा, कुल्ल्याची हाडे व बरगड्या यांत विस्कळीत विखुरलेले किंवा बरगडीच्या लांबीने पसरलेले ठिपके प्रसाराचा संशय वाढवितात.

उरले दोन ठिपके. त्यांसाठी स्पेक्ट-सीटी केला. मणक्याचा ठिपका मागच्या लहान सांध्यावर नेमका बसला; तेथे झीज होती. कुल्ल्याच्या हाडातील ठिपका मात्र सांध्यापासून दूर होता आणि तेथे हाड घट्ट झालेले दिसले. एमआरआयनेही तो प्रसारच असल्याचे दर्शविले. आता त्यांचे उपचार त्यानुसार आखले आहेत. वार्ता सुखद नव्हती. पण "अंगभर" हा शब्द खोटा ठरला.

वाचकांनी एवढे ध्यानी ठेवावे : तपासणीपूर्वी जुने अपघात, अस्थिभंग, शस्त्रक्रिया आणि दुखरे सांधे यांची यादी द्यावी व जुने एक्स-रे सोबत न्यावेत. आणि स्कॅन स्वच्छ आला तरी तो अंतिम निवाडा मानू नये; मायलोमासारखा विकार हाड पोखरतो, पण नवी बांधणी फारशी घडवीत नाही, म्हणून तो या चित्रातून निसटू शकतो.